‘स्वामी’ वाचून वडगावच्या लोकलमध्ये

‘मावशी, इतिहासात नुसते सन आहेत. माणसं कुठे आहेत?’ माझा भाचा आठवीत असताना हे म्हणाला. त्याच्या पुस्तकात पहिले इंग्रज-मराठे युद्ध काही ओळींत उरकले होते. त्या ओळींमधली लढाई जिथे झाली, त्या वडगाव मावळवरून आम्ही लोणावळ्याची माणसे दर आठवड्याला लोकलने जातो. त्याला हे माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही ते नीट माहीत नव्हते.

त्या उन्हाळ्यात मी त्याच्या हाती रणजित देसाईंची ‘स्वामी’ दिली. पुढे सुमारे वर्षभरात आम्ही त्या कादंबरीवरून वडगावच्या रणांगणापर्यंत पोहोचलो. त्या वाटेवर माझ्या काही चुका झाल्या आणि काही गोष्टी साधल्या. इतिहासाला कंटाळलेले चौदा-पंधरा वर्षांचे मूल तुमच्या घरात असेल, तर आम्ही काय केले आणि कुठे अडखळलो ते तुमच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पुस्तकाची निवड. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांना तोटा नाही, पण या वयाच्या मुलासाठी मी एकच गोष्ट पाहिली. कादंबरीतला मुख्य माणूस त्याच्या वयाजवळचा आहे का? पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. पाठोपाठ जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले आणि त्यांचा मुलगा माधवराव पेशवा झाला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. डोक्यावर कर्ज, थोरला भाऊ आणि वडिलांचे चुलतभाऊ पानिपतावर गेलेले, निजाम दाराशी आलेला आणि घरात सत्तेवर डोळा ठेवून असलेले चुलते, रघुनाथराव. ‘सोळाव्या वर्षी तुझ्यावर हे सगळे पडले तर?’ हा प्रश्न मला विचारावा लागला नाही. पहिल्या पन्नास पानांत तो त्याचा त्यानेच विचारला.

‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मी ती पुरस्कारासाठी निवडली नाही. तिचा सांगाडा खरा आहे, म्हणून निवडली. आळेगावची हार, राक्षसभुवनचा विजय, हैदरवरच्या मोहिमा, धोडपला रघुनाथरावांचा पाडाव, थेऊरला झालेला मृत्यू या घटना घडलेल्या आहेत आणि घडल्या त्याच क्रमाने येतात. मुलाला देण्याआधी एवढे तरी तपासा. त्यासाठी तुम्ही इतिहासाचे जाणकार असण्याची गरज नाही. कादंबरीतल्या पाच-सहा मोठ्या घटना एका कागदावर उतरवा आणि गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’त त्या काळाचा भाग काढून सन ताडून पाहा. रियासत बहुतेक जुन्या वाचनालयांत असते. एका दुपारचे काम आहे. घटनांचा क्रमच बदललेला दिसला, किंवा दोन वेगळ्या लढाया एकीत घातलेल्या दिसल्या, तर ते पुस्तक करमणुकीसाठी ठेवा, इतिहास शिकवायला वापरू नका.

आणखी एक कसोटी आहे, ती मला फार उपयोगी पडली. अंतरांची कसोटी. कादंबरीतले सैन्य एका रात्रीत किती कोस जाते ते पाहा. तोफा, बैल, बाजारबुणगे घेऊन चाललेले लष्कर दिवसाला फार थोडे अंतर कापते. ज्या लेखकाच्या पानावर फौजा हव्या तेव्हा हव्या तिथे उगवतात, त्याने नकाशा समोर ठेवलेला नसतो. आणि नकाशा पाहिला नसेल तर पत्रेही पाहिली नसण्याचा संभव मोठा. मुलांना ही कसोटी आवडते, कारण ती त्यांना स्वतः लावता येते. पट्टी आणि नकाशा एवढेच लागते.

पुस्तक हातात देताना मी काहीच सांगितले नाही. फक्त नकाशा दिला आणि त्यावर पुणे, थेऊर, आळेगाव, राक्षसभुवन आणि धोडप या पाच जागी ठिपके काढून ठेवले. ‘गाव आले की त्यापुढे सन लिही,’ एवढीच अट घातली. पेशवाईतली दरबारी भाषा पहिल्या तीस पानांत जड जाते. या टप्प्यावर पुष्कळ मुले पुस्तक मिटतात. तेव्हा ती पाने आम्ही मोठ्याने वाचली, मी एक पान, त्याने एक पान. वस्त्रे, मसनद, खलिता, दिवाणखाना हे शब्द कानावर पडले की चारेक दिवसांत ओळखीचे होतात. मग त्याने पुस्तक माझ्या हातून काढून घेतले.

आता माझी पहिली चूक. मूल पुस्तकात रमले म्हणजे आपले काम झाले, असे मी समजले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याने माधवरावांवर भाषण केले. छान बोलला. पत्नी रमाबाईंना उद्देशून माधवराव काय म्हणाले ते त्याने शब्दशः म्हणून दाखवले. परीक्षकांनी शांतपणे विचारले, ‘हे वाक्य कोणत्या पत्रात आहे?’ तो गोंधळला. त्याच्या मनात ते वाक्य माधवरावांचे होते, लेखकाचे नव्हते. घरी येऊन त्याने पुस्तक कपाटात ढकलले आणि म्हणाला, ‘म्हणजे सगळं खोटंच आहे.’

चांगली ऐतिहासिक कादंबरी नेमके हेच करते. ती इतकी पटते की मूल तिला साक्ष समजते, आणि एक धागा निघाला की सगळेच खोटे मानून मोकळे होते. ही वेळ येते, हे आधीच धरून चाला. त्याची खूणही ठरलेली आहे. मूल ‘असं झालं’ ऐवजी ‘ते असं म्हणाले’ असे बोलू लागले, की समजावे. त्या वेळी पुस्तक काढून घेऊ नये, आणि ‘कादंबरीच आहे ती’ असे म्हणून उडवूनही लावू नये. तेव्हा आम्ही जे केले ते आधीच करायला हवे होते.

आम्ही तीन अक्षरे ठरवली. ‘न’ म्हणजे नोंद आहे. ‘श’ म्हणजे शक्य आहे. ‘क’ म्हणजे लेखकाची कल्पना. पुस्तक वाचनालयाचे असेल तर चिकटचिठ्ठ्यांवर लिहावे. आणि हे सगळ्या पुस्तकावर करू नये, वाचनाचा जीव जातो. मुलाला सर्वांत आवडलेले चार-पाच प्रसंग निवडावेत, तेवढ्यांवरच खुणा कराव्यात.

उदाहरणादाखल आळेगाव घेऊ. १७६२ च्या अखेरीस रघुनाथराव पुतण्यावर चालून गेले. निजामाची मदत त्यांनी घेतली होती. माधवरावांची बाजू पडली, तेव्हा घरातली फूट आणखी वाढून शत्रूचे फावू नये म्हणून ते स्वतः चुलत्यांच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाले. इथे ‘न’. जाताना सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात अपमान, राग आणि हिशेब एकत्र असतील, इथे ‘श’. छावणीत समोरासमोर काय शब्द बोलले गेले, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, इथे ‘क’. एकाच पानावर तिन्ही अक्षरे उतरली तेव्हा भाचा बराच वेळ पाहत राहिला. ‘म्हणजे हाडं खरी, मांस लेखकाचं,’ तो म्हणाला. याहून चांगले मला सांगता आले नसते.

मग त्याला पुढचे पाहायचे होते. जेमतेम नऊ महिन्यांनी, १० ऑगस्ट १७६३ ला, तेच चुलते-पुतणे राक्षसभुवनला गोदाकाठी एका बाजूने निजामाशी लढले आणि जिंकले. पाठ्यपुस्तकात ‘राक्षसभुवनची लढाई, निजामाचा पराभव’ एवढेच येते. आळेगाव माहीत असलेल्या मुलाला मात्र तिथे एक अवघड गोष्ट दिसते. ज्याने कैदेत ठेवले त्याच्याच शेजारी उभे राहून लढायचे. कादंबरीने शिकवायचे ते हे. सन पाठ करायला लागत नाही, तो आपोआप बसतो, कारण ‘आधी आळेगाव की आधी राक्षसभुवन’ हे आता त्याच्यासाठी महत्त्वाचे झालेले असते.

‘नोंद’ म्हणजे काय, हेही एकदा दाखवावे लागते. पुण्यात पेशव्यांचे दफ्तर आहे, त्यातले निवडक कागद सरदेसायांच्या संपादनाखाली पंचेचाळीस भागांत छापले गेले. मुलाला पंचेचाळीस भाग दाखवून घाबरवू नका. एक कागद पुरतो. मृत्यूच्या दीड-दोन महिने आधी, सप्टेंबर १७७२ मध्ये, माधवरावांनी नऊ कलमांची यादी करून ठेवली. राज्यावरचे कर्ज फेडावे, चुलत्यांची सोय लावून द्यावी, अशी कलमे त्यात आहेत. ज्या चुलत्याने दहा वर्षे छळले, त्याचीही तरतूद. भाच्याने ते वाचून विचारले, ‘हे कादंबरीपेक्षा भारी आहे, हे पुस्तकात का नाही घालत?’ तेव्हा मला कळले की कपाटात गेलेले पुस्तक परत बाहेर येणार.

‘स्वामी’ देताना एक गोष्ट आधी बोलून घ्या. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले, वय सत्तावीस, राजयक्ष्म्याने. रमाबाई सती गेल्या. ही नोंद आहे. पण कादंबरीत तो प्रसंग प्रेमाच्या कळसासारखा येतो, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुला-मुलींच्या मनावर त्याचा ठसा खोल उमटतो. माझ्या शेजारची एक मुलगी हे पान वाचून रडली आणि म्हणाली, ‘किती सुंदर.’ तिच्या आईने तिच्याशी त्याच संध्याकाळी बोलणे केले, ते मला फार योग्य वाटले. एक जिवंत तरुणी जळाली, ही घटना. तिला सुंदर केले ते लेखकाच्या शब्दांनी. १८२९ च्या कायद्याने इंग्रजी अमलात सती बंद झाली, ती प्रथा का बंद करावी लागली, हेही याच वेळी सांगता येते. तीन अक्षरांचा खरा उपयोग इथे होतो. घटना ‘न’, तिच्याभोवतीचे तेज ‘क’.

अशीच एक गंमत सिंहगडची आहे, ती दोन ओळींत सांगते. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्या नावामुळे गडाचे नाव तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानानंतर पडले, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. पण १६७० च्या आधीच्या पत्रांत सिंहगड हे नाव येते. कादंबरीचे शीर्षकसुद्धा इतिहासावर कसे बसते, हे मुलांना यावरून चटकन कळते.

‘स्वामी’ थेऊरला संपते, पण चुलते संपत नाहीत. भाच्याने शेवटचे पान मिटून विचारले, ‘मग राघोबादादाचं काय झालं?’ हा प्रश्न आला की समजावे, कादंबरीने आपले काम केले. आता पुढची वाट त्याला घडलेल्या इतिहासातूनच चालवायची, आणि आपण मावळात राहतो म्हणून ती वाट आपल्या अंगणातून जाते.

मधली सहा वर्षे मी त्याला तोंडी सांगितली. माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. ‘ध’चा ‘मा’ केला, ही गोष्ट त्याने ऐकलेली होतीच. तिला कोणते अक्षर द्यायचे? त्याने ‘न’ लिहिले. मी म्हणाले, खून ‘न’. चिठ्ठीतले अक्षर बदलल्याची कथा महाराष्ट्रात घट्ट रुजलेली आहे, पण ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. त्याने ‘न’ खोडून ‘श’ केले, नंतर ‘क’च्या बाजूला एक प्रश्नचिन्ह काढले. मी ते तसेच राहू दिले. पुढे कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या मरणानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावाने राज्य चालवले. रघुनाथराव सुरतेला इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये त्यांच्याशी करार केला. आणि १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांचे सैन्य त्यांना पुण्यात बसवायला बोरघाट चढून आपल्या खंडाळ्यात आले.

एका रविवारी आम्ही लोणावळा स्टेशनवर लोकलमध्ये बसलो. खिडकी उजवीकडची, म्हणजे लोहगड-विसापूर दिसतात. त्याच्या मांडीवर वही होती, तिच्यात दोन रकाने होते, एका बाजूला आजचे स्टेशन, दुसऱ्या बाजूला १७७९ ची तारीख.

सैन्यात सुमारे ३,९०० माणसे होती, आणि त्यांचे सामान, दाणागोटा, तोफा ओढायला सुमारे १९ हजार बैल. हा आकडा ऐकून भाचा हसला नाही, त्याने गणित मांडले. एका माणसामागे जवळजवळ पाच बैल. घाटातून एवढे बैल चढवायचे, म्हणजे वाट आधी करून घ्यावी लागते. रोज त्यांना चारा, पाणी लागते. मागचा बैल तळ सोडतो तोवर पुढचा कुठल्या कुठे गेलेला. आणि दोन्ही बाजूंना मराठ्यांचे घोडदळ, जे समोर येऊन लढत नाही, बाजूने झडप घालते, चारा तोडू देत नाही. नाना फडणवीस, महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांनी हीच लढाई ठरवली होती. सारे सैन्य डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत घाटमाथ्यावर आले आणि ९ जानेवारीला तळेगावला पोहोचले. आमची लोकल ते अंतर पाऊण तासाच्या आत कापते. त्याने वहीत लिहिले : पंधरवड्याहून जास्त.

मळवलीला गाडी थांबली. डावीकडे कार्ल्याचा डोंगर. इथे ४ जानेवारी १७७९ ला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. धाडसी अधिकारी होता तो, मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. शत्रूच्या माणसाला फाकडा म्हणणारी ती जुनी दिलदारी मला फार भावते. तो झाडावर चढून टेहळणी करत असताना तोफेचा गोळा लागला, असे मावळात सांगतात. भाच्याने न विचारता लिहिले : मृत्यू, जागा, तारीख ‘न’, झाड ‘श’.

कामशेत, कान्हे, वडगाव मागे टाकून आम्ही मुद्दाम आधी तळेगावला उतरलो, कारण सैन्य आधी तिथे पोहोचले होते. इंग्रजांना तळेगावात दाणागोटा मिळेल अशी आशा होती. मराठ्यांनी गाव आधीच जाळून रिकामे केले होते. पुणे जेमतेम तीस किलोमीटरवर होते, आणि पुणेही जाळायची तयारी ठेवलेली होती. पुढे जायला अन्न नाही, मागे घाट. सेनापती एगर्टन आजारी पडला होता, सूत्रे कॉकबर्नकडे गेली होती, आणि मोहिमेवर देखरेख करायला नेमलेल्या मंडळींचे एकमेकांशी जमत नव्हते. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या, जादा सामान पेटवले आणि गुपचूप मागे फिरले.

आम्ही उलट दिशेची लोकल पकडली आणि पुढच्याच स्टेशनवर, वडगावला उतरलो. भाचा म्हणाला, ‘एकच स्टेशन?’ हो, एकच. तळेगाव ते वडगाव तीन-चार किलोमीटर. तेवढ्यात मराठ्यांनी त्यांना गाठले. १२ तारखेला सैन्य वडगावात कोंडले गेले. पिछाडी सांभाळणारा कॅप्टन हार्टले जिद्दीने लढला, हे त्याच्या शत्रूंनीही पाहिले. १३ ला बोलणी सुरू झाली, १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. इंग्रजांनी साष्टीसह अलीकडे घेतलेला मुलूख परत द्यायचा, रघुनाथरावांचा पाठिंबा सोडायचा. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. आळेगावला पुतण्या चुलत्याच्या छावणीत गेला होता, सोळा वर्षांनी चुलता असाच दुसऱ्याच्या छावणीत गेला. हे भाच्याच्या ध्यानात माझ्याआधी आले.

पुस्तकातला विजय इथेच थांबवू नका, पुढचेही सांगा. कंपनीने हा तह मानला नाही, युद्ध चालूच राहिले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथराव पुढच्या वर्षी कोपरगावला वारले. वडगावात महादजींचे स्मारक आहे, स्टुअर्टच्या नावाची समाधीही दाखवतात. दोन्ही पाहा. ज्या कादंबरीत शत्रूला चेहरा नसतो ती वाचून मोठे झालेल्या मुलाला ही दुसरी समाधी समजत नाही.

शेवटचे काम त्याने घरी केले, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तो यातूनच शिकला. मी त्याला एक पान कादंबरी लिहायला सांगितली. तळेगाव, ११ जानेवारी १७७९ ची रात्र, बोलणारा माणूस इंग्रजांकडे भाड्याने आलेला एक बैलवाला. अटी चार : तारीख, जागा, नोंदीतली नावे आणि शेवट बदलायचा नाही. बाकी सारे त्याचे.

त्याने छान सुरुवात केली. पेटलेल्या गोण्यांचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घंटांत कोंबलेले गवत, तळ्यात तोफ पडल्याचा बुड्‌ऽऽप आवाज. आणि मग लिहिले, ‘चांदणं टिपूर पडलं होतं.’ मी विचारले, कशावरून? संगणकावर स्टेलॅरियम हा फुकट मिळणारा आकाशाचा प्रोग्रॅम आहे. त्यात जागा आणि जुनी तारीख घातली की त्या रात्रीचे आकाश दिसते. त्याने तळेगाव आणि ती तारीख घातली. पौषातला वद्य पक्ष होता, अमावस्या पाच-सहा दिवसांवर आलेली, चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणारा. त्याच्या बैलवाल्याला टिपूर चांदणे दिसणे शक्यच नव्हते.

तो हिरमुसला नाही. उलट त्याला अंधार का हवा होता ते कळले. चोरून निघायचे तर अंधारातच निघायला हवे. आणि चंद्र मागाहून वर आला, तेव्हा मागावर असलेल्या घोडेस्वारांना वाट दिसली असेल का, असे त्याने विचारले. मी म्हणाले, तिथे ‘श’ लिही. त्याने वाक्य बदलले : अजून चंद्र उगवला नव्हता, आगीच्या उजेडात बैलांच्या डोळ्यांत दोन-दोन ठिणग्या दिसत होत्या.

असे पान लिहून घेताना एवढेच सांभाळा की दुरुस्त्या शुद्धलेखनाच्या नकोत. तारीख, अंतर, ऋतू, आकाश, भाव, अन्न यांच्या हव्यात. बटाटा-टोमॅटोची भाजी बैलवाल्याच्या ताटात आली की हसा आणि विचारा, भाकरीबरोबर काय असेल? जानेवारी आहे, शेतात काय उभे आहे?

पुढचे पुस्तक मुलाच्या प्रश्नावरून ठरवावे. ‘माधवराव इतक्या लहान वयात पेशवे का झाले’ असे विचारले तर विश्वास पाटलांची ‘पानिपत’ द्या, १९८८ ची. ती जाड आहे, पण ‘स्वामी’ वाचलेल्या मुलाला तिच्यातली निम्मी माणसे ओळखीची असतात. ‘शेवटच्या पेशव्याचं काय झालं’ असा प्रश्न आला तर ना. सं. इनामदारांची ‘मंत्रावेगळा’, बाजीराव दुसऱ्यांवरची. रघुनाथरावांचाच मुलगा तो. आणि गडांकडे मन वळले असेल तर आपल्या तळेगावात राहून लिहिणाऱ्या गो. नी. दांडेकरांच्या शिवकालावरच्या पाच कादंबऱ्या आहेत, ‘बया दार उघड’पासून सुरू करा. त्यांची ‘माचीवरला बुधा’ ऐतिहासिक नाही, पण राजमाचीचा वारा, पाऊस आणि झाडे तिच्यात जशी आहेत, ती वाचून गड पाहिला की मुलाला तिथे राहणाऱ्या माणसांचे दिवस दिसू लागतात.

भाच्याने सध्या ‘मंत्रावेगळा’ नेली आहे. परवा फोन करून म्हणाला, ‘मावशी, खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७. खडकी स्टेशनवर आपली लोकल थांबते ना?’